डिप्रेशनची गोळी चालू आहे आणि ईसीजीवर क्यूटी जास्त आलाय: ईसीजी कधी काढायचा, आकड्याचं काय करायचं

ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात मशीन QTc म्हणून एक आकडा छापतं, म्हणजे नाडीच्या वेगाप्रमाणे दुरुस्त केलेला क्यूटी, मिलिसेकंदांत. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेल्या घरांत दोन प्रकार दिसतात, एक म्हणजे या आकड्याकडे कोणी बघतच नाही, आणि दुसरा म्हणजे मोबाईलवर शोधून घाबरतात आणि गोळी परस्पर बंद करतात, मग दोन-तीन दिवसांत चक्कर, घाबरं होणं, झोप उडणं सुरू होतं ते वेगळंच. मी इथं एकच औषध धरून सांगतो, एस्सिटालोप्राम, कारण आपल्याकडे ते सर्रास लिहिलं जातं आणि खरी गंमत त्या एका गोळीत नसून तिच्या शेजारी काय काय येऊन बसतं त्यात आहे.

आधी क्यूटी म्हणजे काय ते थोडक्यात. हृदयाचा एक ठोका पडला की खालचे दोन कप्पे पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला काही क्षण घेतात, आकुंचन सुरू झाल्यापासून ती तयारी पूर्ण होईपर्यंतचा वेळ म्हणजे क्यूटी. ही तयारी होताना पेशीतून पोटॅशियम बाहेर पडावं लागतं. काही औषधं त्या पोटॅशियमची वाट अडवतात, मग वेळ लांबतो, आणि फारच लांबला तर मधेच चुकीच्या क्षणी ठोका पडून हृदय वेडंवाकडं आणि अतिवेगानं धडधडायला लागतं. डॉक्टर त्याला टॉर्साड म्हणतात. बरेचदा ते आपोआप थांबतं आणि माणूस फक्त चक्कर येऊन पडतो, पण थांबलं नाही तर जीव जातो.

आता हेही सांगतो की दहा मिलिग्रॅम एस्सिटालोप्रामनं क्यूटी सरासरी चार-पाच मिलिसेकंदच वाढतो, जे कागदावर डोळ्यांना दिसणारही नाही. तिशीतल्या धडधाकट माणसाला दुसरं काही चालू नसेल तर ईसीजीवाचून काही अडत नाही. पण डोस वाढला की परिणाम वाढतो, म्हणून ब्रिटनमध्ये २०११ साली ६५ च्या पुढच्या लोकांसाठी कमाल डोस दिवसाला १० मिलिग्रॅम ठरवला गेला. तिचीच बहीण सिटालोप्राम, तिला अमेरिकेत त्याच वर्षी ४० ची मर्यादा आली आणि पुढच्या वर्षी साठीपुढच्यांसाठी २० ची.

पायरी १: गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी करा

नुसती यादी विचारली की लोक "एक मनाची, एक बीपीची" एवढंच सांगतात. ॲसिडिटीची कॅप्सूल, जुलाबाची गोळी, केमिस्टकडून आणलेलं उलटीचं औषध, हे कोणाला औषध वाटतच नाही. म्हणून पिशवीच बघायची आणि पाकिटामागचं बारीक अक्षरातलं घटकांचं नाव वाचायचं. त्यात हे शोधा:

- डोम्पेरिडोन. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये हे जोडीनं असतं, नावापुढे डी किंवा डीएसआर लिहिलेलं असतं ते हेच. हे स्वतः क्यूटी लांबवतं.
- ओमेप्राझोल किंवा एसोमेप्राझोल. हे क्यूटीला थेट हात लावत नाहीत, पण लिव्हरमध्ये एस्सिटालोप्राम जिरवणाऱ्या एन्झाइमला अडवतात, त्यामुळे रक्तातलं एस्सिटालोप्राम साधारण दीडपट होतं. म्हणजे १० ची गोळी १५ सारखी वागते.
- उलटीसाठी ऑन्डानसेट्रॉन, आणि अँटिबायोटिकमध्ये ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन.
- बीपी किंवा सुजेसाठी लघवी जास्त करणारी गोळी, उदाहरणार्थ क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायाझाइड, फ्युरोसेमाइड. यांनी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरतं.

मानसोपचाराच्या इतर औषधांत हॅलोपेरिडॉल, विशेषतः शिरेतून दिलेलं, झिप्रासिडोन, पिमोझाइड आणि ॲमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. सर्ट्रालिन आणि ॲरिपिप्राझोल त्या मानानं गरीब.

पायरी २: ईसीजी कधी

गोळी सुरू करण्याआधी एक ईसीजी काढा, जर वय साठी-पासष्टीपुढे असेल, आधीपासून हार्टचा त्रास असेल, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, स्वतः कधी कारण न कळता बेशुद्ध पडला असाल, किंवा वरच्या यादीतलं काही चालू असेल. बायकांचा क्यूटी मुळातच थोडा लांब असतो त्यामुळे त्यांच्या बाबतीत अजून थोडं सावध. हा पहिला कागद फार कामाचा, कारण पुढे किती वाढला हे त्याच्याशीच ताडून बघायचं असतं. आणि हो, ईसीजीचा कागद थर्मल असतो, वर्षभरात पिवळा पडून रेषा उडून जातात, त्यामुळे त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा फोटो काढून ठेवा.

दुसरा ईसीजी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी, त्याआधी काढून उपयोग नाही कारण रक्तातली पातळी स्थिर व्हायला जवळपास आठवडा लागतो, म्हाताऱ्या माणसांत त्याहून जास्त. त्यानंतर ठराविक महिन्यांनी काढत बसण्यापेक्षा काही बदललं की काढा, म्हणजे वरच्या यादीतलं नवीन औषध जोडलं, जुलाब-उलट्या दोन दिवस चालल्या, जेवण सुटलं.

पायरी ३: मशीनचा आकडा स्वतः तपासा

क्यूटी नाडीप्रमाणे दुरुस्त करायला मशीन बहुतेक वेळा बॅझेटचं सूत्र वापरतं आणि ते नाडी जलद असली की आकडा फुगवून दाखवतं. ईसीजी काढताना घाबरलेल्या माणसाची नाडी १०० असते आणि मग उगाच धावपळ. उदाहरण घ्या, नाडी १००, क्यूटी ३८०. बॅझेटनं येतो ४९१, फ्रिडेरिसियाच्या सूत्रानं ४५१. माणूस तोच, कागद तोच, नुसत्या गणितानं चाळीसचा फरक! म्हणून फ्रिडेरिसिया वापरा, यात RR म्हणजे दोन ठोक्यांमधला वेळ सेकंदांत आणि QT मिलिसेकंदांत:

```
RR  = 60 / नाडी
QTc = QT / RR^(1/3)
```

मोबाईलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की घनमूळाचं बटण येतं. क्यूटी मोजायचा तर लीड टू किंवा व्ही फाइव्ह, म्हणजे कागदावर II किंवा V5 लिहिलेली रेष, बघा. कागदावरचा एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद, पाच चौकोनांचा मोठा चौकोन म्हणजे २००. क्यू, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकाआधीची छोटी खाच, जिथं सुरू होतो तिथून टी, म्हणजे त्या टोकानंतरचा गोलसर उंचवटा, संपेपर्यंत चौकोन मोजायचे, आणि टी नेमका कुठं संपला हे कळत नसेल, जे नेहमीच होतं, तर टीच्या उतरत्या बाजूच्या सगळ्यात तिरक्या भागाला पट्टी लावून रेष खाली ओढायची, ती सपाट रेषेला जिथं मिळेल तिथं टी संपला असं धरायचं. टीच्या नंतर आणखी छोटा उंचवटा असेल तर तो यू, तो यात धरायचा नाही. पेसमेकर, बंडल ब्रँच ब्लॉक म्हणजे हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा, किंवा अनियमित नाडी असेल तर हे घरी करायच्या फंदात पडू नका, तिथं हिशोबच वेगळा असतो.

एक केस

६८ वर्षांच्या काकू समजा. एस्सिटालोप्राम १० वरून २० केलेलं, बीपीला क्लोरथॅलिडोन, आणि ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल-डोम्पेरिडोनची कॅप्सूल, ती तर कधीपासून चालू आहे हे त्यांनाही आठवत नाही. गोळी सुरू करण्याआधीच्या ईसीजीत नाडी ७५, क्यूटी साडेनऊ चौकोन म्हणजे ३८०, हिशोबानं ४०९. छान. मग लग्नाच्या जेवणानंतर तीन दिवस जुलाब-उलट्या, कोपऱ्यावरच्या केमिस्टनं ऑन्डानसेट्रॉन दिलं. चौथ्या दिवशी बाथरूमकडे जाताना डोळ्यांपुढे अंधारी आली, सगळे म्हणाले अशक्तपणा आहे, इलेक्ट्रॉल द्या. पण सुनेनं ईसीजी काढायला लावला. नाडी परत ७५ पण क्यूटी बारा चौकोन, ४८०, फ्रिडेरिसियानं ५१७. रक्तात पोटॅशियम २.९.

बघा, यात कुठलंही एक औषध भयंकर नाही. वयाच्या मानानं दुप्पट डोस, तो ओमेप्राझोलनं आणखी वाढवलेला, डोम्पेरिडोन आणि ऑन्डानसेट्रॉन त्याच वाटेवर बसलेले, आणि क्लोरथॅलिडोन अधिक जुलाबांनी पोटॅशियम गेलेलं.

पायरी ४: आकड्यानुसार काय करायचं

पुरुषात ४५० आणि बाईत ४६० च्या आत असेल तर गोळी चालू ठेवा, कागद फाईलला लावा.

त्याच्या वर पण ५०० च्या आत असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम तपासा, आणि आधी बिनगरजेची औषधं काढता येतात का ते विचारा. माझ्या मते इथं सगळ्यात मोठी चूक होते ती ही, की लोक मनाच्या गोळीवर तुटून पडतात आणि डोम्पेरिडोन तसंच चालू राहतं. ॲसिडिटीची कॅप्सूल बदलून भागत असेल तर डिप्रेशन परत उसळण्याची जोखीम कशाला घ्यायची? मग आठवड्याभरानं परत ईसीजी.

५०० च्या वर गेला, किंवा पहिल्या कागदापेक्षा ६० नं वाढला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. काकूंच्या बाबतीत दोन्ही लागू होत होतं, वाढ १०८ ची होती. तिथं मॉनिटर लावतात, पोटॅशियम साडेचार ते पाचच्या दरम्यान आणतात, मॅग्नेशियम देतात, जोखमीची औषधं थांबवतात. टॉर्साड झालंच तर दोन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून, रक्तातलं मॅग्नेशियम नॉर्मल असलं तरी. कॅज्युअल्टीत एस्सिटालोप्रामचं नाव आपण होऊन सांगा, कारण धडधडीवर नेहमी दिलं जाणारं ॲमिओडॅरोन स्वतः क्यूटी लांबवतं.

शुद्ध हरपली, किंवा धडधड होऊन अंधारी आली, तर आकड्याची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. गोळ्या जास्त घेतल्या असतील तरी तेच, माणूस हसतबोलत असला तरीही, कारण परिणाम काही तासांनी दिसू शकतो.

काकूंचं ऑन्डानसेट्रॉन आणि ती कॅप्सूल बंद झाली, बीपीची गोळी बदलली, एस्सिटालोप्राम डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवलं. पाचव्या दिवशी पोटॅशियम ४.४, क्यूटी साडेदहा चौकोन, हिशोबानं ४५२. नंतर मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन २५ पासून सुरू केलं, दोन आठवड्यांनी ईसीजी परत काढायचा ठरला, आणि फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलं: उलटी झाली तर ऑन्डानसेट्रॉन आणि डोम्पेरिडोन विचारल्याशिवाय नको.