कोटी का फसते? नव्याने कोट्या करणाऱ्यांनी या चुका टाळा

एखाद्या शब्दाला दोन अर्थ आहेत हे लक्षात आलं की नवशिक्याला वाटतं, कोटी झाली. झालेली नसते. दोन अर्थांचा शब्द म्हणजे नुसतं पीठ; ते मळून, लाटून तव्यावर जायचं बाकी असतं. कोटी जुळते किंवा फसते ती त्या शब्दाभोवतीच्या वाक्यात, आणि मराठीत ती बहुतेक वेळा एकाच जागी फसते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर. आधी तिच्याही अलीकडच्या चुका.

शब्दकोशातून शब्द उचलणे

शाळेच्या व्याकरणात श्लेषाची ठरलेली उदाहरणं असतात. मित्र म्हणजे दोस्त आणि सूर्य, जीवन म्हणजे आयुष्य आणि पाणी. परीक्षेत यांना गुण मिळतात, पण गप्पांत यांच्यावर कुणी हसत नाही, कारण 'आज मित्र लवकर उगवला' असं कुणी म्हणत नाही. दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या तोंडात रोज असेल तरच तो ऐकताक्षणी आठवतो. मोल्सवर्थचा कोश (१८५७ ची दुसरी आवृत्ती) उघडलात तर एकेका शब्दाखाली अर्थांची रांग दिसेल, पण त्यातले कितीतरी आता कुणाच्या बोलण्यात नाहीत. शब्द निवडताना साधी कसोटी लावा: दोन्ही अर्थ आजी आणि नातू दोघंही वापरतात का? एकालाही अडायला होत असेल तर शब्द सोडून द्या. 'कर'चा हात हा अर्थ तर निमंत्रणपत्रिकेतल्या 'करकमलां'पुरताच उरलाय. तेवढ्या चौकटीत, म्हणजे महापालिकेच्या एखाद्या उद्घाटनाच्या पत्रिकेवर, तो अजून चालून जातो. बाहेर नाही.

सुरुवातीला पान, अंक, मत, भाव, पीठ असे शब्द घ्या. हेच का, ते लिंगाच्या भागात कळेल.

शब्द सापडला की लगेच वाक्य लिहिणे

उतावळेपणाची ही चूक नेहमी दिसते. शब्द आणि वाक्य यांच्यामध्ये एक पायरी आहे आणि ती कागदावरच करावी लागते. 'भाव' घेऊन बघू.

कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे बाजारातल्या भावाबरोबर येणारे शब्द लिहा: पाटी, किलो, पावशेर, घासाघीस, चढणे, उतरणे, कडाडणे, विचारणे, बदलणे. उजवीकडे चेहऱ्यावरच्या भावांबरोबर येणारे: डोळे, ओठ, कपाळावरची आठी, लपवणे, टिपणे, बदलणे, दिसणे, वाचणे. प्रत्येक बाजूला आठ-दहा शब्द तरी हवेत. पहिले तीन-चार सगळ्यांनाच सुचतात, आणि त्यांच्यावरची कोटी बहुधा आधीच कुणीतरी करून झालेली असते.

आता दोन्ही बाजूंना चालेल असं क्रियापद शोधा. कडाडणे फक्त बाजाराचं, टिपणे फक्त चेहऱ्याचं. बदलणे दोन्हीकडे आहेच. दिसणे आणि वाचणे उजवीकडे लिहिले होते, पण पाटीवरचे भावही दिसतात आणि वाचतातही. म्हणजे तेही सामाईक. कोटी या बिजागरीवर फिरते. बिजागरीच मिळाली नाही तर तो शब्द दुसऱ्या दिवसासाठी ठेवून द्या, ओढूनताणून बसवू नका.

पहिला प्रयत्न साधारण असा होतो: 'टोमॅटोचे भाव बदलले आणि आईच्या चेहऱ्यावरचे भावही बदलले.' इथे शब्द दोनदा आला. एकदा एक अर्थ, एकदा दुसरा. ऐकणाऱ्याला करायला काही उरलंच नाही. असा दोनदा आलेला शब्द यमकाकडे झुकतो. श्लेषात शब्द एकदाच येतो आणि दोन्ही अर्थ त्याच्या एकट्याच्या अंगावर पडतात.

दुसरा प्रयत्न: 'टोमॅटो घेताना गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर भाव वाचता येतात.' शब्द एकदाच आला, तरी फसलं. 'चेहरा' हा शब्द 'भाव'च्या आधी आला, त्यामुळे ऐकणारा थेट दुसऱ्या अर्थावर पोचला आणि बाजारभाव त्याच्या मनात आलाच नाही. पहिला अर्थ आधी पक्का बसला पाहिजे, मग त्याच्या पायाखालची फळी काढायची. फळी काढणारा शब्द जितका शेवटी, तितकं बरं.

तिसरा: 'टोमॅटोच्या ढिगावर पाटी नव्हती, भाव वाचले ते गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर.'

पाटीने बाजार उभा केला, 'वाचले' दोन्हीकडे चाललं आणि 'चेहऱ्यावर' अगदी शेवटी आलं. मराठीत क्रियापद शेवटी यायची सवय असते. इथे 'वाचले ते' असं फिरवून शेवटची जागा मोकळी केली. बोलताना आपण हे सर्रास करतो, लिहिताना मात्र विसरतो. एकूण नऊ शब्द झाले. पंधराच्या पुढे गेलात तर तयारी जास्त आणि माल कमी असं होतं.

आणखी एक बारकावा आहे. 'भाव वाचला' असं एकवचन केलंत तर कोटी अर्धी मरते. बाजारभाव एकवचनातही चालतो, अनेकवचनातही. चेहऱ्यावरचे भाव मात्र आपण बहुतेक अनेकवचनातच म्हणतो. शब्दाचं रूप बदलत नाही, क्रियापदाचं बदलतं, आणि चुगली तेच करतं.

लिंग न तपासणे

वर म्हटलेली जागा हीच. इंग्रजीतल्या कोट्या वाचून शिकलेले लोक इथे हमखास आपटतात, कारण तिथे नामामुळे क्रियापदाचं लिंग बदलत नाही. मराठीत बदलतं, आणि दोन अर्थांची लिंगं वेगळी असतील तर वाक्य तोंडातून निघतानाच एका अर्थावर शिक्का मारतं.

'हार' हे यातलं सगळ्यात बदनाम उदाहरण. गळ्यातला तो हार, पराभवाची ती हार. गल्लीतल्या क्रिकेट स्पर्धेचा बक्षीस समारंभ डोळ्यांसमोर आणा. टेबलावर चषक, बाजूला ताटात झेंडूचे हार. निवेदक घरून वाक्य पाठ करून आलेला: 'जिंकलेल्या संघाला चषक मिळाला, आणि हरलेल्या संघाला हार मिळाला!' मंडपात शांतता. पुढच्या रांगेतले काका ताटाकडे बघतात, खरंच हरलेल्यांना पण हार घालणार की काय म्हणून. मग निवेदक ती ओळ उच्चारतो जी कधीच उच्चारू नये: 'हार म्हणजे पराभव सुद्धा, बरं का!' त्यावर जे हसू येतं ते कोटीचं नसतं.

बिघाड कुठे झाला? 'हरलेल्या' या शब्दाने पराभव आधीच सांगून टाकला, म्हणजे गुपित उरलं नाही. आणि 'मिळाला'ने हार पुल्लिंगी करून टाकला, म्हणजे तो फक्त फुलांचा झाला. पराभवाची हार 'मिळाली' असती. एका बाजूने दुसरा अर्थ फुटला, दुसऱ्या बाजूने त्याचं दार बंद झालं.

दुरुस्ती एका रेघेची आहे. सामना सुरू होण्याआधी, हारांच्या ताटाकडे हात करून म्हणायचं: 'आज एका कर्णधाराला चषक मिळणार, दुसऱ्याला हार.' 'मिळणार' हे रूप लिंगाप्रमाणे बदलत नाही, आणि दुसऱ्या तुकड्यात तर क्रियापदच नाही. दोन्ही अर्थ उभे राहतात.

लिंग लपवणारी रूपं माहीत असली की काम सोपं होतं. -णार, नको, आहे, नाही, तसंच -ऊन आणि -ताना यांत लिंग दिसत नाही. मिळाला-मिळाली, मिळतो-मिळते, हवा-हवी यांत लगेच दिसतं. विशेषणात 'लाल', 'सुंदर' गप्प बसतात; 'मोठा', 'चांगला' बोलून टाकतात. विभक्तीचा प्रत्ययही असाच दगा देतो: मोकळं रान तो माळ, गळ्यातली ती माळ, पण 'माळावर' आणि 'माळेवर' म्हटलं की संपलं. असा शब्द प्रत्ययाशिवाय वापरा.

हात बसला की हेच लिंग तुमच्या बाजूने वळवता येतं. 'साहेब सांगत होते, मी हार स्वीकारणार नाही. मतदारांनी दिलेली मात्र स्वीकारावी लागली.' पहिल्या वाक्यात 'स्वीकारणार'मुळे लिंग झाकलेलं, साधेपणाचं सोंग शाबूत. 'दिलेली'तल्या शेवटच्या ईकाराने सगळं फिरतं. पराभव हा शब्द कुठेच नाही. पण हे पहिल्या आठवड्यात करायला जाऊ नका.

आता मघाची यादी बघा: ते पान, ते पान, तो अंक, तो अंक, ते मत, ते मत. पीठ आणि भावाचंही तसंच. दोन्ही अर्थांना लिंग एकच, म्हणून निम्मी डोकेदुखी आपोआप जाते. 'आमच्या सोसायटीत प्रत्येक विषयावर सगळे मत देतात, फक्त निवडणुकीच्या दिवशी देत नाहीत' हे इतकं सहज जुळतं ते त्यामुळेच.

कानाची कोटी कागदावर, कागदाची कानावर

दिन आणि दीन कानाला सारखेच लागतात, म्हणून 'शिक्षक दिन'वरची (आता पार झिजलेली) कोटी फक्त बोलायची असते. लिहिताना एक वेलांटी निवडावीच लागते आणि तिथे खेळ उघडा पडतो. 'औषध नलगे मजला' हे पुस्तकातलं उदाहरण तसंच: नको असलेलं औषध आणि नल राजा, दोन्ही ऐकू येतात, पण 'नल गे' असं तोडून छापलं की औषध नकोसं राहत नाही. उलट 'जग' घ्या. दुनियेचं जग आणि पाण्याचा जग कागदावर एकसारखे, पण दोघांतला ज वेगळा, त्यामुळे मोठ्याने म्हटलं की एकच उरतो. म्हणून कोटी जिथे वापरायची तिथेच तपासा. बोलायची असेल तर म्हणून बघा, छापायची असेल तर लिहून.

बाकीच्या, थोडक्यात

कोटीच्या शब्दाला अवतरणचिन्हं घालू नका. बोलताना त्या शब्दाआधी थांबून भुवया उडवणं म्हणजे तीच अवतरणचिन्हं.

एका वाक्यात एकच कोटी. दुसरी सुचली तर वहीत टाका.

कोटी आणि कोट्यवधी रुपयांवरची कोटी करू नका. ती सगळ्यांनी केली आहे.

कुणी हसलं नाही तर पुढचं वाक्य बोला. तीच कोटी जोरात पुन्हा म्हणू नका, पहिल्यांदा ती सगळ्यांना ऐकू गेलेली असते.