चॅटबॉटकडून प्रश्नमंजुषा सोडवताना या चुका टाळा

माझी भाची फोंड्याला राहते आणि सध्या एलडीसीच्या परीक्षेची तयारी करते. एका रात्री तिने मला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हा बॉट मला वेडी करणार."

बॉटने विचारलं होतं, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री कोण? तिने लिहिलं, दयानंद बांदोडकर. बॉटने बरोबर दिलं. तिला शंका आली म्हणून तिने विचारलं, "प्रतापसिंह राणे नव्हते का?" बॉटने लगेच चूक कबूल केली आणि राणे हेच उत्तर धरलं. "पण बांदोडकर तर 1963 साली झाले ना?" असं तिने म्हटल्यावर तो पुन्हा माफी मागून बांदोडकरांकडे परतला.

यात दोन चुका आहेत आणि दोन्ही आपल्या हातातल्या आहेत. पहिली म्हणजे प्रश्नच अर्धवट होता. बांदोडकर 1963 च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झाले, तेव्हा गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश होता. 30 मे 1987 रोजी गोवा घटकराज्य झालं, तेव्हा मुख्यमंत्रिपदी राणे होते. म्हणजे 'गोव्याचे' आणि 'गोवा राज्याचे' या दोन शब्दप्रयोगांत उत्तर बदलू शकतं. दुसरी चूक उलटतपासणीची. "अमुक नव्हतं का?" असं विचारलं की बॉट त्याला शंका मानत नाही, आपल्याला कोणतं उत्तर हवंय त्याचा इशारा समजतो आणि त्या बाजूला झुकतो. तेव्हा शंका आली तर आपलं उत्तर पुढे करू नये. त्याऐवजी असं लिहावं: "या प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर ठरू शकतात का? ठरत असतील तर प्रत्येक उत्तर कोणत्या अटीत बरोबर, ते सांग." भाचीने हेच विचारलं तेव्हा केंद्रशासित आणि घटकराज्य हा फरक एका फटक्यात समोर आला.

याहून मोठी चूक मात्र त्याआधीच झालेली असते. "गोव्याच्या इतिहासावर वीस प्रश्न दे" एवढंच लिहिलं की बॉट आठवणीतून प्रश्न काढतो. भारताचा स्वातंत्र्यलढा किंवा राज्यघटना असे विषय त्याला बऱ्यापैकी जमतात, कारण त्यांवर मजकूर उदंड आहे. गोव्याबद्दल मजकूर त्या मानाने थोडा, त्यामुळे रिकाम्या जागा तो अंदाजाने भरतो. वाक्य मात्र तितक्याच ठामपणे येतं, म्हणून वाचून चूक कळत नाही. गावांच्या नावांवरून थोडा सुगावा लागतो. डिचोलीला 'बिचोलिम' आणि केप्याला 'क्वेपेम' म्हणू लागला, तर तो इंग्रजी मजकुरावरून चाललाय हे ओळखावं. तारखांना अशी खूण नसते.

म्हणून प्रश्न आपल्या नोट्समधूनच काढायला लावायचे. एका वेळी एकच टिपण, साधारण एक पान, चिकटवायचं. वहीचा फोटो देत असाल तर आधी त्याला वाचलेला मजकूर जसाच्या तसा लिहायला सांगा आणि साल तपासा. हस्ताक्षरातले एक आणि नऊ हे मराठी अंक एकमेकांत मिसळतात. मग हा प्रॉम्प्ट:

```
खाली माझं टिपण आहे. फक्त याच मजकुरावर 10 बहुपर्यायी प्रश्न विचार.
एका वेळी एकच प्रश्न दे आणि माझ्या उत्तराची वाट बघ.
चारही पर्याय याच टिपणातले किंवा याच विषयात गोंधळ होण्यासारखे असावेत.
मी उत्तरापुढे "खात्री" किंवा "अंदाज" लिहीन.
चुकलं तर उत्तर सांगू नको, एक इशारा दे आणि पुन्हा विचार.
दुसऱ्यांदा चुकलं तर टिपणातलं नेमकं वाक्य दाखव.
टिपणात नसलेली गोष्ट लागली तर "टिपणात नाही" असं लिही.
शेवटी चुकलेले आणि अंदाजाने बरोबर आलेले प्रश्न वेगळे काढ.
```

टिपणातलं वाक्य दाखवायला लावलं की तपासणी सोपी होते. ते वाक्य आपल्या वहीत सापडलं नाही, तर तो प्रश्न सोडून द्यायचा.

पर्यायांची ओळ लोक सर्रास गाळतात आणि मग सराव फुकट जातो. गोवा घटकराज्य कधी झालं, या प्रश्नाला भाचीला आधी आलेले पर्याय होते 15 ऑगस्ट 1947, 26 जानेवारी 1950, 30 मे 1987 आणि एक 2000 नंतरची तारीख. हे तर शेंबडं पोरही ओळखेल. टिपण दिल्यावर पर्याय आले 19 डिसेंबर 1961, 16 जानेवारी 1967, 4 फेब्रुवारी 1987 आणि 30 मे 1987. पहिली मुक्तीची तारीख, दुसरी जनमत कौलाची, तिसरी विधानसभेत राजभाषा विधेयक मंजूर झालं ती. इथे ती अडखळली आणि तिने फेब्रुवारीची तारीख निवडली. त्या निमित्ताने राजभाषेचा निर्णय आधी आणि घटकराज्य नंतर, हा क्रम डोक्यात बसला. बरोबर पर्याय सारखा दुसरा किंवा तिसरा येतो, किंवा तोच सगळ्यांत लांब असतो, असं दिसलं तर पर्यायांची लांबी सारखी ठेवून जागा बदलायला सांगा. नाहीतर अभ्यासाऐवजी बॉटची सवय पाठ होते.

'अंदाज' या शब्दावर माझा विशेष जीव आहे. दहापैकी आठ आले म्हणून पोरं खूश होतात, पण त्यातले तीन अंदाजपंचे असतील तर खरे पाचच. ते तीनही चुकलेल्यांच्या यादीत जायला हवेत. ही यादी मात्र वहीत लिहा, बॉटच्या भरवशावर ठेवू नका. संवाद लांबला की तो सुरुवातीचे नियम विसरतो, तेच प्रश्न फिरवून विचारतो, दोन प्रश्न एकत्र देऊ लागतो. तसं झालं की नवा संवाद उघडून प्रॉम्प्ट, टिपण आणि वहीतली यादी पुन्हा द्यायची.

आता समजावून घेण्याचं. "जनमत कौल सोप्या भाषेत समजाव" असं लिहिलं की छान परिच्छेद येतो, आपण मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. उलट करून बघा. वही मिटून तीन-चार वाक्यं स्वतः लिहा आणि सांगा: "माझं लिखाण टिपणाशी ताडून बघ. काय चुकलं आणि काय राहिलं एवढंच सांग, नव्याने लिहू नको." भाचीने लिहिलं होतं की 1967 मध्ये गोव्यातल्या लोकांनी वेगळ्या राज्यासाठी मत दिलं. नेमकी इथेच गफलत होते. त्या कौलात वेगळं राज्य हा पर्यायच नव्हता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाची निशाणी फूल, तर केंद्रशासित राहण्याची दोन पानं. विलीनीकरणाला 1,38,170 मतं पडली, विरोधात 1,72,191. राज्याचा दर्जा मिळायला पुढे वीस वर्षं गेली.

गणित-बुद्धिमत्तेच्या प्रश्नांना हीच पद्धत पुरत नाही. तिथे बॉटने काढलेलं उदाहरण आणि त्याचं उत्तर, दोन्ही चुकू शकतात, कधी चारपैकी एकही पर्याय बरोबर नसतो. त्यासाठी भाची जुन्या प्रश्नपत्रिकांतली, उत्तरसूची असलेली उदाहरणं घेते. आपली आकडेमोड चिकटवून कितव्या पायरीला चुकलं एवढंच विचारते, आणि मिळालेलं उत्तर मूळ उदाहरणात घालून बघते. परवा नफा-तोट्याच्या एका उदाहरणात बॉटने तिसरी पायरी चुकीची ठरवली होती. तिने उत्तर घालून पाहिलं, तर तिचंच बरोबर होतं.