थीसिस छापायला दुकान निवडताय? आधी कलर पानं मोजा

"पान एक रुपया" असा बोर्ड बघून थीसिस छापायला जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, त्या एक रुपयावरनं दुकान ठरवू नका. सोलापुरात सात रस्ता, नवी पेठ, कॉलेजांच्या गेटसमोर सगळीकडं झेरॉक्सवाले आहेत, केगावला विद्यापीठात जाऊन जमा करायचं म्हणून कुणी त्याच रस्त्यावरचं दुकान धरतं, पण ब्लॅकचा दर सगळीकडं उन्नीस-बीस असतो. बिल फुगतं ते कलर पानांवर आणि बाइंडिंगवर, आणि त्याबद्दल काउंटरवर कुणी आपणहून बोलत नाही.

फायनल पीडीएफ, कव्हरचा मजकूर, एका बाजूला छापायचं की पाठपोठ हे विद्यापीठाच्या नियमात बघून घरूनच ठरवून निघा. गाइडला वाचायला द्यायची कॉपी कुठूनही स्पायरल करून घ्या, त्यात डोकं घालायचं काही नाही.

आता खरी गोची. समजा थीसिस २४० पानांचा, एका बाजूला छापायचा, त्यात २२ पानांवर खरोखर रंगीत फोटो नाहीतर ग्राफ, आणि पाच कॉप्या. पहिला दुकानदार म्हणतो ब्लॅक दीड रुपया, कलर १० रुपये, हार्ड बाइंडिंग २५०, डिस्काउंट बिस्काउंट काही नाही. दुसरा म्हणतो ब्लॅक एकच रुपया, कलर १५, बाइंडिंग ३००, वर पाच कॉप्यांवर १० टक्के सूट. (दर हिशोबापुरते धरलेत, तुम्हाला जे सांगतील ते घाला.) कोणीही दुसऱ्याकडं पळेल. आता मांडा. पहिल्याकडं एका कॉपीला २१८ ब्लॅक पानांचे ३२७, कलरचे २२०, बाइंडिंग २५०, म्हणजे ७९७, पाच कॉप्यांचे ३,९८५. दुसऱ्याकडं २१८ अधिक ३३० अधिक ३००, म्हणजे ८४८, पाचाचे ४,२४०. आणि ती १० टक्के सूट कशावर विचाराल तर "ब्लॅकवर ओ", म्हणजे १०९ रुपये. शेवटी ४,१३१. एक रुपयावाला महाग पडला की नाही?

पण हे अजून काहीच नाही. बऱ्याच मशीनवर सेटिंग ऑटो कलरचं असतं, म्हणजे पानावर कुठंही रंग दिसला की मशीन ते पान कलरमध्ये मोजतं, अख्खा फोटो असो नाहीतर एखादी निळी लिंक. आणि आपल्या फाइलमध्ये असले रंग भरपूर असतात, संदर्भसूचीतल्या वेबसाइटच्या निळ्या लिंका, वर्डने स्वतःच निळी केलेली हेडिंगं, आणि कलरमध्ये स्कॅन केलेली सर्टिफिकेटं, ज्यात काळंपांढरं पानसुद्धा पिवळट छटेमुळं कलर धरलं जातं. बहिणीच्या थीसिसच्या वेळी एका दुकानात असंच झालं, आम्ही कलर पानं मोजून दिली होती आणि बिलात त्याच्या दुप्पट लागली, विचारलं तर "मशीनचं काउंटर आहे, मी काय करू" हे उत्तर. तो खोटं बोलत नव्हता हो, काउंटर तसंच दाखवत होतं.

वरच्याच उदाहरणात अशी ३० पानं जास्तीची कलर झाली तर दुसऱ्या दुकानात ब्लॅकची १८८ पानं उरतात, सूट धरून त्यांचे ८४६, कलरची ५२ पानं पाच कॉप्यांत म्हणजे ३,९००, बाइंडिंग १,५००, एकूण ६,२४६. म्हणजे ४,१३१ ठरलं होतं त्यावर दोन हजारांहून जास्त, आणि वाचणाऱ्याला त्यात काही फरक दिसतही नाही.

म्हणून पीडीएफ करण्याआधीच वर्डमध्ये हेडिंगं आणि लिंका काळ्या करा, सर्टिफिकेटं ग्रेस्केलमध्ये परत स्कॅन करा. मग पीडीएफ उघडून पानांची छोटी चित्रं लावून वरपासून खालपर्यंत बघत जा, रंग लगेच डोळ्यात येतो. रंग हवा असलेल्या पानांचे नंबर कागदावर लिहा, पण नंबर पीडीएफचे, छापलेले नाही, कारण सुरुवातीची अनुक्रमणिकेची पानं रोमन आकड्यात असतात आणि तिथंच घोळ होतो. ही यादी दुकानदाराला देऊन विचारा, "अण्णा, पैसे यादीप्रमाणं लावणार का काउंटरप्रमाणं?" यादीप्रमाणं म्हणाला तर तो दुकानदार मला आवडतो. काही जण म्हणतात ब्लॅक वेगळं, कलर वेगळं छापून हातानं मधे घालतो, तेव्हा पाचही कॉप्यांत क्रम लागला का हे बाइंडिंगला टाकायच्या आधी तुम्ही स्वतः उलटून बघा, नंतर काही करता येत नाही.

कागद ७५ का ८० जीएसएम का त्याहून जाड, हे तोंडी ऐकू नका, रीमच्या वेष्टनावर छापलेलं असतं, दाखव म्हणा. नमुन्याचं एक पान काढून मागून बघा, अक्षरं आरपार दिसत असतील आणि पाठपोठ छापायचं असेल तर जाड कागद घ्या. छापताना साइझ "अ‍ॅक्चुअल" ठेवायला सांगा, "फिट" ठेवलं की पान थोडं लहान होऊन मार्जिन बदलतं.

बाइंडिंगचं एक लक्षात ठेवा, बऱ्याच झेरॉक्सवाल्यांकडं हार्ड बाइंडिंग होत नाही, ते बाहेर पाठवतात. म्हणून तारीख आधी पक्की करा, आणि पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटहून एसटीनं येत असाल तर नक्कीच, नाहीतर नुसतं घ्यायला परत एक हेलपाटा. कुणाचं तरी तयार झालेलं जाड बाइंडिंग मागून मधोमध उघडून बघा. पानं नुसती डिंकानं चिकटवली असतील तर मधलं पान हलकं ओढलं की सैल लागतं, शिवलेलं असेल तर हलत नाही. शिवणीत डावीकडची जागा बरीच जाते, म्हणून मी डावं मार्जिन दीड इंच ठेवायला सांगतो, एक इंचात ओळींची सुरुवात कण्यात शिरते. ८० जीएसएमची २४० पानं एका बाजूला छापली की जाडी जवळजवळ इंचभर होते, त्यावर नाव आणि वर्ष लिहायला जागा नीट मिळते, पाठपोठला निम्मीच.

सूट मागायची ती इथं मागा. कव्हरवरची सोनेरी अक्षरं उठवायला ठसा एकदाच जुळवावा लागतो, मग एक कॉपी करा नाहीतर पाच, जुळवणीची मेहनत तीच. म्हणून "पाच एकदम देतो, बाइंडिंगचा दर किती" असं विचारलं की ब्लॅकवरच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे सुटतात, २५ रुपये एका बाइंडिंगमागं कमी केले तरी पाचावर १२५. उलट एक कॉपी नंतर वाढवायला गेलात तर जुळवणी परत, आणि दरही पूर्ण, म्हणून जादा कॉपी लागणार असं वाटलं तर पहिल्याच वेळी सांगा.

अ‍ॅडव्हान्स निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका. ठरलेला दर, कलर पानांची संख्या आणि तारीख पावतीच्या मागं लिहून घ्या, आणि कॉपी घेताना कव्हरवरचं स्पेलिंग पहिल्या कॉपीवर वाचून मगच बाकीच्यांचे पैसे काढा.