आईच्या गृहलक्ष्मीचा अर्ज कुठे अडला होता?

आम्ही कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले. राज्य सरकारच्या दरमहा 2000 रुपयांच्या गृहलक्ष्मी योजनेसाठी आईला ग्राम वन सेवा केंद्रात घेऊन गेलो. रेशन कार्डाचा नंबर टाकला, पण अर्ज पुढे सरकेना. मला वाटलं आधारमध्ये चूक आहे. खरी अडचण कार्डातच होती. कुटुंबप्रमुख म्हणून बाबांचं नाव होतं.

या योजनेत घरची 'यजमानी' कोण, हे आपण अर्जात लिहून ठरत नाही. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव, तिचाच अर्ज. कार्ड बीपीएल, अंत्योदय किंवा एपीएल, कुठलंही चालतं. म्हणून आधी तालुक्याच्या अन्न खात्यात प्रमुख बदलून घेतला. कार्ड कन्नडमध्ये असल्यामुळे शेजारच्या काकांकडून नाव वाचून घेतलं. ते आधारशी जुळायलाच हवं.

अर्जात पतीचा आधार का मागतात, हेही तेव्हा उमगलं. पती किंवा पत्नी आयकर भरत असेल किंवा जीएसटी रिटर्न भरत असेल, तर लाभ मिळत नाही. आमच्याकडे शेतीच, त्यामुळे ती अडचण आली नाही.

अर्ज करण्याआधी बँकही तपासा. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, हातातल्या पासबुकाच्या खात्यात जातीलच असं नाही. myaadhaar.uidai.gov.in वर Bank Seeding Status पाहिलं, तर आईच्या जुन्या, वापरात नसलेल्या खात्याच्या बँकेचं नाव दिसलं. वापरातल्या खात्याच्या शाखेत आधार जोडण्याचा अर्ज दिला आणि त्या साइटवर नव्या बँकेचं नाव दिसल्यावरच पुन्हा ग्राम वनला गेलो.