मंजूर रजा मागे घेताना: घरापासून पोर्टलपर्यंतची तयारी

गणपतीची रजा दोन महिने आधी मंजूर झालेली असते, तिकिटं काढलेली असतात, आणि नेमकं त्याच आठवड्यात प्रोजेक्टचं काहीतरी फसतं. मुंबईतल्या ऑफिसांना हे नवीन नाही. अशा वेळी रजा मागे घेणं म्हणजे पोर्टलवर एक बटण दाबणं, असं समजून बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच मॅनेजरशी खटका उडतो. मॅनेजरच्या फोनवर अचानक सूचना येते की अमुक यांनी रजा रद्द करण्याची विनंती केली आहे. त्यांनी तोवर तुमच्या जागी कोणालातरी बसवलेलं असतं, क्लायंटला तसं कळवलेलं असतं आणि कदाचित दुसऱ्या कोणाची रजा तुमच्यामुळे नाकारलेली असते. तुम्ही मदत करायला निघालेले असता, पण त्यांना दिसतं ते असं की आपण बसवलेली घडी न विचारता मोडली. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी घर, मग मॅनेजर, मग तुमच्या जागी बसणारी व्यक्ती, मग तिकीट आणि शेवटी पोर्टल.

एक उदाहरण धरून चालू. चतुर्थी सोमवारी आहे आणि ती ऑफिसची सुट्टी आहे. शुक्रवार, मंगळवार आणि बुधवार अशी तीन दिवसांची अर्जित रजा मंजूर आहे. एका बँकेचं नवं सॉफ्टवेअर शनिवारी रात्री सुरू व्हायचं आहे. मंगळवारी रात्रीच्या ट्रायल रनमध्ये काही खात्यांच्या व्याजाची बेरीज जुन्या सिस्टीमशी जुळलेली नाही, आणि व्याजाचा तो हिशेब तुम्ही लिहिलेला आहे. आज बुधवार सकाळ.

पहिलं काम म्हणजे गरज नेमकी किती दिवसांची आहे हे कागदावर मांडणं. चूक शोधायला गुरुवार-शुक्रवार लागेल, शनिवारी रात्री बदल चढवायचा, रविवारी सकाळी आकडे पुन्हा जुळवून पाहायचे. म्हणजे तुमची गरज रविवार दुपारपर्यंत आहे. सोमवारनंतर उरतं ते लक्ष ठेवण्याचं काम, आणि ते तुमच्या जागी नेमलेला सहकारी करू शकतो, त्याची तयारी त्याच्यासाठीच झालेली आहे. तेव्हा मागे घ्यायची ती फक्त शुक्रवारची रजा. भरात येऊन सगळी रजा सोडणारे पुष्कळ असतात. मंगळवारी ऑफिसात रिकामे बसून त्यांची चिडचिड होते, आणि ती मॅनेजरच्या नजरेतून सुटत नाही. त्या चिडचिडीने संबंध जेवढे बिघडतात तेवढे रजेवर गेल्याने बिघडत नाहीत.

मॅनेजरला फोन करण्याआधी घरी बोलून घ्या. सकाळी "मी थांबतो" म्हणायचं आणि संध्याकाळी घरून विरोध झाला म्हणून "नाही जमणार" म्हणायचं, हे सगळ्यात महागात पडतं. एवढ्या वेळात मॅनेजरने तुमचं नाव गृहीत धरून क्लायंटला शब्द दिलेला असतो. घरी विचारायचे प्रश्न मोजके आहेत: बाकीचे ठरल्याप्रमाणे पुढे जाणार का, मूर्ती आणि पूजेचं सामान कोण बघणार, आणि तुम्ही सोमवारी सकाळी पोचलात तर चालेल का. रविवारी संध्याकाळी निघायचं तर एसटीत किंवा खासगी बसमध्ये जागा आहे का, हेही आत्ताच बघा. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर गाड्यांची रांग लागते, त्यामुळे हाताशी चार-पाच तास जास्तीचे ठेवूनच हिशेब करा.

आता मॅनेजर. हे बोलणं समोरासमोर किंवा फोनवरच व्हावं. टीमच्या ग्रुपवर तर अजिबात नको. ग्रुपवर "मी गणपती सोडून थांबतोय" असं टाकलं की मॅनेजरवर सगळ्यांसमोर उपकाराचं ओझं येतं आणि ज्यांनी रजा सोडली नाही ते विनाकारण ओशाळतात. बोलणं साधारण असं असावं: "सर, पाच मिनिटं आहेत का? ट्रायल रनमध्ये व्याजाची बेरीज जुळली नाही, तो भाग मी लिहिलाय, त्यामुळे चूक मला लवकर सापडेल. माझी शुक्रवारची रजा मागे घ्यावी असं वाटतंय. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत मी आहे, मग गावी निघेन. मंगळवार-बुधवारची रजा तशीच ठेवायची आहे. तुम्ही जे ठरवलंय त्यात हे बसतंय का?"

यातला शेवटचा प्रश्न गाळू नका. निर्णय त्यांच्या हातात राहतो, आणि तुमच्या रजेमुळे त्यांनी काय काय हलवलं होतं हे त्यांना सांगता येतं. कधी कधी उत्तर येतं, "गरज नाही, तू जा, आम्ही बघतो." ते उत्तर मनापासून स्वीकारा. फार तर शुक्रवारी दुपारी तासभर फोनवर उपलब्ध असाल एवढं सांगा आणि तो तास नेमका ठरवून घ्या. गावी कुठल्या कोपऱ्यात रेंज मिळते ते आधी माहीत असलेलं बरं.

त्याच बोलण्यात आणखी दोन गोष्टी उरकाव्यात, कारण नंतर काढल्या की त्या तक्रारीसारख्या वाटतात. एक, शनिवार-रविवारच्या कामाबद्दल बदली सुट्टी मिळणार का. तिला बहुतेक ठिकाणी मुदत असते आणि मुदत उलटली की ती बुडते, म्हणून ती बुधवारच्या रजेला लागून पुढच्या गुरुवारीच जोडून घेता येईल का असं विचारा. दुसरी, तिकिटाचं नुकसान. कंपनी ते भरून देते का हे धोरणावर अवलंबून आहे, आणि रजा तुम्ही आपणहून मागे घेतलीत की कंपनीने परत बोलावलं यावर बरंच ठरतं. रक्कम सांगून सरळ विचारा. "नाही" आलं तर विषय तिथेच सोडा.

मॅनेजरचा होकार आला की तुमच्या जागी बसणाऱ्याला स्वतः फोन करा. त्याला ही बातमी कॅलेंडरवरून कळली तर "माझ्यावर भरवसा नाही" असंच त्याला वाटणार, आणि तसं वाटलं तर त्याची चूक म्हणता येणार नाही. वाटणी स्पष्ट सांगा: व्याजाची चूक आणि शनिवारची रात्र तुमच्याकडे, बाकीचं काम आणि रविवारी संध्याकाळपासून सगळं त्याच्याकडे, ठरल्याप्रमाणे. टीममधल्या कोणाची शुक्रवारची रजा तुमच्यामुळे नाकारली गेली असेल तर ते मॅनेजरच्या कानावर घाला. आता ती देता येईल का हे ते ठरवतील.

मग दोन-तीन ओळींचा मेल. त्यात तारखा वारासकट लिहा: कोणती रजा मागे, कोणती कायम, तुम्ही किती वाजेपर्यंत हजर, बदली सुट्टीचं काय ठरलं. तुम्ही केलेल्या त्यागाचं वर्णन त्यात नको. "आज बोलणं झालं त्याप्रमाणे" एवढी सुरुवात पुरे. काही महिन्यांनी मॅनेजर बदलला तर बदली सुट्टीला आधार म्हणून हाच मेल कामी येतो.

तिकिटाला हात आत्ता लावायचा, त्याआधी नाही. घरच्यांचं एकत्र तिकीट असेल तर सगळं रद्द करू नका. आयआरसीटीसीवर एकाच प्रवाशाचं नाव निवडून तेवढंच रद्द करता येतं, बाकीच्यांच्या जागा तशाच राहतात. नंतर नवी तिकीटपावती उतरवून घरच्यांच्या फोनवर पाठवा, आणि जाणाऱ्यांपैकी एकाकडे तरी मूळ ओळखपत्र आहे याची खात्री करा, कारण बरेचदा ते तुमच्याच पाकिटात असतं. गाडी सुटायला जितके कमी तास उरतील तितकी कपात वाढते. इथे तुतारी एक्सप्रेसने जाणारे हमखास फसतात. ती दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, त्यामुळे गुरुवारी रात्री घरातून निघायचं असलं तरी तिकिटावर तारीख शुक्रवारची असते. "शुक्रवारचं तिकीट आहे, शुक्रवारी सकाळी रद्द करू" म्हणणाऱ्याची गाडी तेव्हा कोकणात पोचलेली असते. परतीचं तिकीट तसंच राहू द्या.

शेवटी पोर्टल. रजा अजून मंजूर व्हायची असेल तर साधारण `Withdraw` असतं आणि ते लगेच लागू होतं. मंजूर रजेला बहुतेक ठिकाणी `Cancel` असतं, आणि ती विनंती पुन्हा मॅनेजरच्या मंजुरीला जाते. तिन्ही दिवस एकाच अर्जात असतील तर अनेक सिस्टीम त्यातला एकच दिवस काढू देत नाहीत. पूर्ण अर्ज रद्द करून मंगळवार-बुधवारचा नवा अर्ज टाकावा लागतो. खरा धोका इथेच आहे. अर्जित रजेसाठी काही दिवस आधी अर्ज करायची अट असेल तर नवा अर्ज अडतो, किंवा एका वेळी किती जण रजेवर असू शकतात ती मर्यादा भरल्यामुळे तुमची जागा दुसऱ्याला जाते. म्हणून `Cancel` दाबण्याआधी एचआरला विचारा की एक दिवस त्यांच्या बाजूने काढता येईल का. नाहीच जमलं तर मॅनेजर जागेवर असताना, रद्द करणं आणि नवा अर्ज दोन्ही एकाच बैठकीत मंजूर करून घ्या.

दाबण्याआधी शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट ठेवा. समजा तीन दिवस वजा होऊन अकरा दिसत होत्या, तर काम झाल्यावर बारा दिसायला हव्यात. अकराच राहिल्या तर विनंती बहुधा मंजुरीअभावी अडकली आहे, आणि शुक्रवारी तुम्ही ऑफिसात असूनही त्या दिवसाची रजा कापली जाईल. काही कंपन्या मधले शनिवार-रविवारही रजेत धरतात. तिथे शुक्रवार सुटला की ते दोन दिवसही परत यायला हवेत, तेही तपासा. पगाराचा हिशेब महिन्याच्या ठरावीक तारखेला बंद होतो. ती तारीख जवळ असेल तर दुरुस्ती पुढच्या पगारात येईल हे धरून चाला आणि तोवर स्क्रीनशॉट पुसू नका.

हे झालं की गुरुवारी संध्याकाळी मेलचं आपोआप जाणारं उत्तर सोमवारपासून सुरू होईल असं बदला, कॅलेंडरवरचा शुक्रवार मोकळा करा आणि इमर्जन्सी फोनच्या यादीत रविवारी संध्याकाळी सहापर्यंत तुमचं नाव, पुढे सहकाऱ्याचं असं लिहून घ्या. रविवारी दुपारी आकडे जुळले की मॅनेजरला एक मेसेज पाठवा: काय सापडलं, काय बदललं, आणि आता कोणाला फोन करायचा. काम लांबलं तर सहा वाजायची वाट बघू नका. तीन वाजताच कळवा, म्हणजे पुढची रात्र कोण सांभाळणार हे ठरवायला त्यांना वेळ मिळेल आणि तुमची बसही सुटणार नाही.