कुत्रा ढुंगण घासतोय म्हणजे जंतच, असं धरून चालू नका: या चुका टाळा

आमची चिकू, कॉकर स्पॅनिअल, वय ९, नाशिकच्या इंदिरानगरला राहतो आम्ही. मे महिन्यात ती हॉलच्या फरशीवर बसून मागचे पाय पुढे ताणून ढुंगण घासत चालायला लागली. मी काय केलं तर जंताची गोळी दिली आणि दोन आठवडे थांबलो. चूक इथेच झाली. जंताने असं होऊ शकतं, अ‍ॅलर्जीच्या खाजेनेही होतं, पण बऱ्याचदा कारण असतं एनल ग्लँड तुंबणं. गुदद्वाराच्या दोन बाजूंना, घड्याळात ४ आणि ८ वाजतात त्या जागी कातडीखाली दोन छोट्या पिशव्या असतात, शी कडक असली की ती बाहेर येताना दाबून त्या रिकाम्या करते. शी पातळ राहिली किंवा पिशवीची बारीक नळी सुजली की आतला पातळ पिवळट-तपकिरी द्रव घट्ट होत टूथपेस्टसारखा होतो आणि अडकतो. घासणं, शेपटीखाली सारखं चाटणं, बसता बसता दचकून मागे बघणं आणि सुक्या बोंबलासारखा वास, हे दिसलं की गोळी शोधत बसू नका, डॉक्टरांकडून ग्लँड बघून घ्या.

दुसरी चूक मोठी होती. ग्रूमिंगवाल्याकडे बाहेरूनच जोरात दाबून घेतलं. थोडं आलं, बाकी आतच राहिलं. चार दिवसांनी डाव्या बाजूला लाल, गरम, सुपारीएवढी सूज, हात लावला तर ओरडायची, जेवण बंद, अंगात ताप. हा गळू झाला होता. अशा वेळी दाबायचं नाही म्हणजे नाहीच, पू आतल्या आत फुटून आजूबाजूच्या मांसात पसरतो आणि जनावराला मरणाच्या वेदना होतात. हळदीचा लेप, खोबरेल, घरातली पेनकिलर यातलं काही नको. माणसाची आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला घातक आहे. रविवारी तो गळू आपोआप फुटला, रक्त आणि पू आला, घरच्यांना वाटलं आता मोकळी झाली, पण फुटला तरी आतून धुवून घ्यावाच लागतो. डॉक्टरांनी भूल देऊन पिशवी धुतली, अँटिबायोटिक आणि कुत्र्यांची पेनकिलर दिली, चाटू नये म्हणून गळ्यात कोन घातला. घरी दिवसातून तीनदा १० मिनिटं कोमट फडक्याने शेक. दोन आठवड्यांत जखम भरली.

त्यानंतर मी दाबायचं तंत्र डॉक्टरांसमोर शिकलो, व्हिडिओ बघून नाही. एकाने कुत्र्याला पुढून धरायचं, दुसऱ्याने हातमोजा घालून बोटाला भरपूर जेली लावायची. तर्जनी हळूच आत, अंगठा बाहेर, दोन्हींच्या मध्ये द्राक्षासारखी पिशवी लागते. टिश्यू समोर धरून खालच्या टोकापासून गुदद्वाराकडे सावकाश दाबत आणायचं, गाईचं दूध काढतो तसं. हलक्या दाबाने आलं नाही तर थांबायचं, जोर वाढवायचा नाही. पू, रक्त किंवा हिरवट काही आलं तर डॉक्टर. आणि त्रास नसताना दर महिन्याला उगाच काढू नका, त्याने पिशवी सुजते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑगस्टमध्ये उजवी ग्लँड रिकामी केली, तरी वाटाण्याएवढं काहीतरी कडक हाताला लागत राहिलं. तुंबलेली पिशवी रिकामी झाली की लहान आणि मऊ होते, ही झालीच नाही. दुखतही नव्हतं, आणि न दुखणारी गाठ म्हणून मी निर्धास्त राहिलो असतो. मागे वळून बघितलं तर उन्हाळ्यापासून ती पाणीही जास्त पीत होती, लघवीही जास्त, मला वाटलं नाशिकचा उन्हाळा आहे म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं की या पिशवीच्या कॅन्सरमध्ये काही कुत्र्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढतं आणि त्यामुळे तहान वाढते, सगळ्यांत नाही. सुईने गाठीतून सॅम्पल घेतलं, कॅल्शियम तपासलं, छातीचा एक्सरे आणि पोटाची सोनोग्राफी केली, कारण बाहेर गाठ बारीक असते तरी कंबरेखालच्या लिम्फ नोड्समध्ये कॅन्सर आधीच पोचलेला असू शकतो. ते नोड्स मोठे झाले की शी करताना कुंथणं आणि रिबिनीसारखी चपटी शी दिसते. चिकूचं कॅल्शियम वाढलेलं निघालं, सॅम्पलमध्ये कॅन्सर निघाला, नोड्स मात्र साध्या आकाराचे होते. ऑपरेशन करून पिशवी काढली, आता दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी आणि कॅल्शियम.

म्हणून एक विनंती, तुमचा कुत्रा ८-९ वर्षांचा असेल तर लसीकरणाला जाल तेव्हा डॉक्टरांना आत बोट घालून तपासायला सांगा, बाहेरून बघून ही गाठ दिसत नाही. आणि पिशवी दोनदा रिकामी करूनही गाठ तशीच असेल तर तिसऱ्यांदा दाबू नका, सुईची तपासणी मागा.