कापसाच्या एका लाखावर सुमारे ३.४ लाखांचा फरक

कापूस विकून आलेले एक लाख तालुक्याच्या बँकेतून म्युच्युअल फंडात टाकले, तर योजना बहुधा रेग्युलर असते. विकणाऱ्याचं कमिशन दरवर्षी फंडाच्या खर्चातून, म्हणजे तुमच्याच पैशातून जातं. ते वेगळं मागत नाहीत, म्हणून सहसा लक्षात येत नाही. समजा, मध्यस्थाशिवाय थेट फंडाकडून घेतलेल्या डायरेक्ट योजनेत वर्षाला १२ टक्के पडले आणि कमिशन जाऊन रेग्युलरमध्ये ११ टक्के. २५ वर्षांनी डायरेक्टचे १७ लाख होतात, रेग्युलरचे साधारण १३.६ लाख.

स्टेटमेंटवर योजनेच्या नावातच Direct किंवा Regular लिहिलेलं असतं. रेग्युलर असेल तर नवे हप्ते डायरेक्टमध्ये सुरू करा. जुनी रक्कम हलवणं मात्र विक्रीच धरतात, म्हणून एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्यास कापलं जाणारं शुल्क, आणि कर आधी तपासा. बाजार पडल्यावर घरी येऊन समजावणारा एजंट असेल, तर त्याचं कमिशन मला वावगं वाटत नाही.